त्याच तीन कॉर्ड्स, तेच बारा बार: मग बदललं काय?

"सर, दोन वर्षं गिटार शिकतोय. ब्लूज शिकताना बारा बारचा साचा शिकलो. आता चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' घेतलंय, तर त्यातही त्याच तीन कॉर्ड्स आणि तोच साचा. रॉक अँड रोल ब्लूजमधून आलं असं सगळीकडे वाचतो, पण संगीतात नेमकं काय बदललं? आणि मी ते गाणं वाजवतो तेव्हा ते ब्लूजसारखंच का वाटतं?"

कॉर्ड्समध्ये शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण तिथे फारसं काही बदललेलंच नाही. बदल झाला तो मात्रेच्या पोटात. ब्लूजमध्ये बहुतेक वेळा एका मात्रेचे तीन भाग होतात, रॉक अँड रोलमध्ये दोन. १९४९ ते १९५८ या दहाएक वर्षांत हा बदल घडताना रेकॉर्डवर चक्क ऐकू येतो. आणि तुम्ही जे गाणं घेतलंय त्यात तो पुरता झालेलाच नाही, अर्ध्या वाटेवर आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, पण तिथवर जाण्याआधी ब्लूजकडे काय काय होतं ते पाहू.

बारा बारचा साचा तुम्हाला येतो, तरी तो आपल्या भाषेत एकदा मांडतो. मूळ सूर सा धरला तर सा, म आणि प या तीन सुरांवर तीन कॉर्ड्स उभ्या राहतात. चार बार सा, दोन बार म, परत दोन बार सा, मग एक प, एक म आणि शेवटचे दोन सा. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. मी मुद्दाम आवर्तन म्हणतोय, कारण वादक त्याकडे तसंच बघतो: पुन्हा पुन्हा त्याच जागी यायचं आणि दर खेपेला आत काहीतरी वेगळं भरायचं. डब्ल्यू. सी. हँडीने 'मेम्फिस ब्लूज' १९१२ साली छापलं, त्यात हा साचा आहे. म्हणजे रॉक अँड रोल आलं तेव्हा साचा चांगला मुरलेला होता.

या आवर्तनात शब्द कसे बसतात ते महत्त्वाचं आहे. ब्लूजच्या कडव्यात तीन ओळी. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिसरी, जी पहिल्या दोन्हींना उत्तर देते. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गाणारा त्यातले साधारण दोनच वापरतो. उरलेले दोन बार वाद्याचे. वारकरी भजनात झेलकरी बुवांची ओळ उचलतात, तशी इथे गिटार ती उचलते, पण जशीच्या तशी परत न म्हणता तिला जबाब देते. मिसिसिपी डेल्टातला एकटा गाणारा हे दोन्ही स्वतःच करायचा: गळ्याने ओळ, बोटांनी जबाब. ही जबाबाची जागा लक्षात ठेवा, पुढे ती हलणार आहे.

दुसरी गोष्ट गंधाराची. कॉर्ड शुद्ध गंधाराची असते आणि गळा मात्र कोमल गंधार घेतो, किंवा खरं सांगायचं तर दोघांच्या मधला कुठलातरी सूर घेतो. आपल्या जोग रागातही दोन्ही गंधार आहेत, पण तिथे शुद्ध चढताना येतो आणि कोमल उतरताना, प्रत्येकाची जागा ठरलेली. ब्लूजमध्ये ते एकाच क्षणी एकमेकांवर घासतात, आणि ती घासच हवी असते. पियानोवर मधला सूर नाही, म्हणून पियानोवाला दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकत्र दाबतो. गिटारवाला तार ओढतो किंवा बाटलीची मान बोटात घालून तारेवरून सरकवतो. हा गंधार रॉक अँड रोलने जसाच्या तसा ठेवला, म्हणून त्यावर जास्त थांबत नाही. फक्त एक सांगावंसं वाटतं. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यावर ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ चं स्लाइड गिटारवरचं शब्दाविना गुणगुणणं आहे, चक बेरीचं हेच 'जॉनी बी. गुड' आहे, आणि आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी 'जात कहां हो' सुद्धा आहे. तिन्ही ओळीने ऐका. सुरांच्या मधल्या जागा शोधणारे तीन गळे आणि बोटं ऐकू येतात.

आता मात्रेकडे येऊ. दादऱ्याची एक बाजू घ्या, "धा धी ना", आणि ती एका मात्रेत म्हणा. मग मधला "धी" गिळून टाका: "धाऽना, धाऽना, धाऽना, धाऽना". पहिला आघात लांब, दुसरा आखूड. ह्याला शफल म्हणतात आणि नाचायच्या ब्लूजची चाल हीच. संथ ब्लूजमध्ये तर तीनही भाग उघड वाजतात. त्याच्या शेजारी दुसरी चाल ठेवा: "तक, तक, तक, तक", एका मात्रेत दोन आघात, दोन्ही सारख्या लांबीचे. ही सरळ चाल, रॉक अँड रोलची. हात मांडीवर आपटून दोन्ही आलटून पालटून म्हणून बघा. पहिलीत अंग झुलतं, त्या झुलण्यालाच मी पुढे झोल म्हणेन. दुसरीत अंग पुढे ढकललं जातं. तबल्यावर बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. माझ्या एका तबलजी मित्राने पहिल्यांदा शफल ऐकला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिस्र जातीत चाललंय, मधलं अक्षर खाल्लंय." इतकी नेमकी व्याख्या मला पुस्तकांतसुद्धा क्वचित मिळाली.

ही "धाऽना" चाल ज्या वाद्याने घराघरांत नेली ते गिटार नव्हे, पियानो. बुगी-वुगी नावाची पियानोची शैली होती, पाइनटॉप स्मिथने १९२८ च्या डिसेंबरात तिची रेकॉर्ड केली आणि ते नाव रूढ झालं. त्यात डावा हात थांबतच नाही. खर्जात एक ठरलेली आकृती फिरत राहते आणि उजवा हात तिच्यावर हवं ते बोलतो. बारमधल्या गोंगाटात एकट्या माणसाला बास, ताल आणि गाणं तिन्ही सांभाळायचं असे, त्यातून ही डाव्या हाताची शिस्त आली.

मग गिटारवाल्यांनी तो डावा हात उचलला. रॉबर्ट जॉन्सनने नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत जी गाणी रेकॉर्ड केली, त्यांतल्या 'स्वीट होम शिकागो'त ते स्वच्छ ऐकू येतं. असं वाजवणारा तो पहिलाच होता असं नाही, पण पुढच्या वादकांनी उचललं ते त्याच्याकडून. अंगठ्याने खालच्या तारांवर सा आणि प एकत्र, मग सा आणि ध एकत्र, पुन्हा सा-प, पुन्हा सा-ध. तुमच्या हातात हे नक्की असेल: ए कॉर्डच्या जागी पाचवी तार मोकळी, चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर एक बोट, आणि दर दुसऱ्या मात्रेला करंगळी किंवा अनामिका चौथ्या पडद्यावर. एवढीच आकृती. ब्लूजच्या बासची ती आकृती आहे आणि रॉक अँड रोलच्या रिदम गिटारचीही तीच. सूर एकही बदललेला नाही. जॉन्सन ती "धाऽना" वाजवतो, चक बेरी "तक तक" वाजवतो.

मग "धाऽना" सरळ का झाली? एक कारण अगदी गणिती आहे. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.६ सेकंदाची. तिचे तीन भाग केले तर लांब आघात ०.४ सेकंदाचा आणि आखूड ०.२ चा. फरक ०.२ सेकंदाचा, कोणालाही जाणवेल असा. आता लय १६८ वर न्या. मात्रा ०.३६ सेकंदांवर येते, लांब आघात ०.२४, आखूड ०.१२. हाताला तो आखूड आघात नेमका गाठणं अवघड जातं, आणि तो आपोआप मध्याकडे सरकतो. म्हणजे लय चढली की झोल स्वतःहूनच सपाट होऊ लागतो. चाळीसच्या दशकात लुई जॉर्डनसारख्यांचे पाच-सहा जणांचे जंप ब्लूज बँड नाचणाऱ्यांसाठी वाजवत होते आणि लय चढतच होती.

पण नुसत्या लयीने झालं असं मी म्हणणार नाही. जाझवाले याहून कितीतरी द्रुत लयीत वाजवत होते आणि त्यांचा झोल पूर्ण गेला नव्हता. कोणीतरी हट्टाने सरळ वाजवायला लागलं, हे दुसरं कारण. न्यू ऑर्लिन्सचा ड्रमर अर्ल पामर लिटल रिचर्डच्या रेकॉर्ड्सवर वाजवत होता. रिचर्ड पियानोवर उजव्या हाताने एका मात्रेत दोन असे सारखे ठोके कॉर्डवर हाणत राहायचा, जराही न झुलता. पामर मुळात शफल वाजवणारा. त्याने नंतर सांगितलं की रिचर्डच्या उजव्या हाताशी जुळवून घ्यायचं म्हणून त्याने झोल सोडला आणि सरळ वाजवू लागला. १९५५ च्या सप्टेंबरातलं 'तुट्टी फ्रुट्टी' ऐका, मग १९५७ चं 'लुसील' ऐका. पहिल्यात पियानो आणि ड्रम यांची ओढाताण अजून चालू आहे. दुसऱ्यात सगळा बँड सरळ रेषेत आलाय.

याच पामरचं आणखी एक काम इथे सांगायलाच हवं. चार मात्रांत पहिल्या आणि तिसऱ्यावर वजन देणं हा जुना शिरस्ता. आपल्या आरतीत टाळी समेवरच पडते, तिथे कोणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये मात्र टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायची. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जाझमध्ये ड्रमर शेवटच्या फेरीत, सगळे एकदम जोरात वाजवत असताना, दोन आणि चारवर स्नेअर ड्रम हाणायचे. पामरचं म्हणणं असं की फॅट्स डॉमिनोच्या 'द फॅट मॅन'साठी, डिसेंबर १९४९ मध्ये, त्याने तीच शेवटच्या फेरीची टाळी गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवली. याला बॅकबीट म्हणतात. शफलमध्येही तो असू शकतो, शिकागोच्या ब्लूजमध्ये असतोच. पण सरळ चालीखाली तो आला की कान मात्रेच्या आतल्या झोलाकडे न जाता त्या दोन फटक्यांकडे जातो. नाचणाऱ्याला आता पाऊल कुठे टाकायचं ते ड्रम सांगतो. आधी ते काम बास करत होता.

इथवर आलो की चक बेरी समजायला सोपा जातो. तो सेंट लुईसचा. १९५२ च्या शेवटच्या रात्री जॉनी जॉन्सन या पियानोवाल्याने त्याला आपल्या तिघांच्या बँडमध्ये घेतलं. १९५५ साली तो शिकागोत माडी वॉटर्सला भेटला आणि त्याच्या सांगण्यावरून चेस रेकॉर्ड्स या कंपनीच्या लेनर्ड चेसकडे गेला. माडी वॉटर्स स्वतः १९४३ साली डेल्टातून शिकागोला आला होता आणि डेल्टाची गिटार त्याने विजेवर नेली होती. म्हणजे डेल्टाचा ब्लूज ज्या कंपनीने शहरी केला, तिथेच बेरी पोचला. पण त्याचं पहिलं गाणं 'मेबेलीन' ब्लूज नाही. ते 'आयडा रेड' नावाच्या ग्रामीण गोऱ्या नाचगाण्यावर बेतलेलं आहे. हे इथे सांगतोय, कारण "रॉक अँड रोल ब्लूजमधून आलं" हे वाक्य खरं असलं तरी अपुरं आहे. ग्रामीण गोऱ्यांच्या कंट्री संगीतात दोन-दोनची सरळ चाल आधीपासून होती. बेरीच्या उजव्या हातात जी सरळ चाल आली ती सगळी पियानोवरूनच आली असं मी मानत नाही. थोडी तिकडूनही आली.

आता 'जॉनी बी. गुड'. ६ जानेवारी १९५८ ला शिकागोत रेकॉर्ड झालं. सूर बी फ्लॅट. गिटारवाले सहसा हा सूर टाळतात, कारण मोकळ्या तारा उपयोगी पडत नाहीत. पण तो पियानोच्या आणि सॅक्सोफोनच्या सोयीचा सूर आहे, आणि बेरी पियानोवाल्याच्या बँडमध्ये घडला होता. परिणाम असा की तुमची ती सा-प, सा-ध आकृती इथे मोकळ्या तारेशिवाय वाजवावी लागते: सहाव्या तारेवर सहाव्या पडद्यावर पहिलं बोट, पाचव्या तारेवर आठव्या पडद्यावर तिसरं, आणि करंगळी ताणून दहाव्या पडद्यावर. हात दुखेल. मनगट जरा खाली सोडा आणि अंगठा मानेच्या मागे मध्यावर आणा, मग पोचते. मोकळी तार नसल्याचा एक फायदा होतो. प्रत्येक आघात हवा तिथे तोडता येतो, सूर मागे रेंगाळत नाही, आणि "तक तक" स्वच्छ कापली जाते.

सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा कुठून आला ते ऐकाच. १९४६ साली लुई जॉर्डनने 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन' रेकॉर्ड केलं. त्याच्या आरंभी कार्ल होगन हा गिटारवाला जवळजवळ हाच तुकडा वाजवतो. आपण होगनचं ऐकून शिकलो हे बेरीने लपवलं नाही. दोन्ही लागोपाठ लावा. होगनचा तुकडा एकेरी सुरांचा आहे आणि झुलतो. बेरी तोच तुकडा घेतो, झोल काढून टाकतो, आणि पुढे दोन-दोन तारा एकत्र वाजवू लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर सहाव्या पडद्यावर एकच बोट आडवं, म्हणजे वर सा आणि खाली प. त्याआधी तिसरी तार खालून ओढत आणायची. हे दुहेरी सूर त्याने टी-बोन वॉकरसारख्या ब्लूजवाल्यांकडून घेतले. पण वॉकर ते मध्येच एखादा ठसका म्हणून देतो, आणि बेरी त्यांचा मारा करतो. एका गिटारीतून दोन सॅक्सोफोन एकत्र वाजल्याचा भास होतो. जंप ब्लूजच्या बँडमधले फुंकवाले आता नाहीत, त्यांचं काम गिटारने घेतलंय. विजेची गिटार नसती तर हे शक्य नव्हतं, साधी गिटार ड्रमखाली बुडाली असती.

मग शब्द येतात, आणि इथे ती जबाबाची जागा हलते. १६८ च्या लयीत ४८ मात्रा साधारण १७ सेकंदांत संपतात. ६० च्या संथ ब्लूजमध्ये हेच आवर्तन ४८ सेकंद घेतं. बेरी या १७ सेकंदांत ओळ पुन्हा म्हणत नाही. तो गोष्ट सांगतो, अक्षरं ठासून भरतो, जवळजवळ प्रत्येक बार शब्दांनी भरलेला. पहिली ओळ, तीच ओळ, मग उत्तर, हा ब्लूजचा घाट इथे मोडला. वाद्याला बोलायला जागा उरली नाही. ती जागा त्याने ध्रुवपदात नेली. पुढचं बारा बारचं संपूर्ण आवर्तन ध्रुवपद आहे. त्यात तो "गो" अशी हाक देतो आणि गिटार लगेच जबाब देते, पुन्हा हाक, पुन्हा जबाब. म्हणजे ब्लूजचा सवाल-जबाब नाहीसा झाला नाही, ओळीच्या पोटातून उचलून तो गाण्याच्या एका वेगळ्या खोलीत ठेवला. एक आवर्तन गोष्टीचं, एक हाकेचं. हा घाट रॉक अँड रोलने ब्लूजच्या साच्याला दिलेली खरी भर आहे असं माझं मत आहे. मात्रेच्या बदलाइतकी तिची चर्चा होत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. या रेकॉर्डवर ड्रम वाजवतोय फ्रेड बिलो आणि उभा बास वाजवतोय विली डिक्सन. दोघेही शिकागोच्या ब्लूजचे खंदे वादक, माडी वॉटर्सच्या रेकॉर्ड्सवर वाजवलेले. बिलोच्या हातात झोल आहे. झांजेवर तो अजून "धाऽना"च्या जवळपास आहे, स्नेअरवर बॅकबीट. डिक्सन मात्रेला एक सूर असा चालत जातो, तो दोन्ही बाजूंना चालतो. आणि त्यांच्यावर बेरीची गिटार सरळ "तक तक". एकाच मात्रेचे एकाच वेळी तीन भागही होताहेत आणि दोनही. दोन आघातांमधलं ते सेकंदाच्या काही शतांशांचं अंतर कुठेच नीट जुळत नाही, आणि गाण्याचा जो रेटा आहे तो या न जुळण्यातून येतो. ब्लूज आणि रॉक अँड रोल यांची सीमा कुठे असं मला कोणी विचारलं तर मी या रेकॉर्डवर बोट ठेवतो: झांज अलीकडे, गिटार पलीकडे.

तुम्ही दोन वर्षं ब्लूज वाजवलाय, त्यामुळे तुमचा उजवा हात सवयीने झांजेबरोबर जातो. म्हणून गाणं ब्लूजसारखं वाटतं. माझंही हेच झालं होतं. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात एका कार्यक्रमात हे गाणं वाजवलं. ड्रमर चांगला झुलवत होता, मीही त्याच्याबरोबर झुललो, सगळं छान जुळलं, आणि गाणं जागचं हलेना. रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं की आम्ही द्रुत लयीतला शफल वाजवला होता. पुढच्या खेपेला आम्ही दोघेही कडक सरळ वाजवलं. ते गाणं सत्तरच्या दशकातल्या रॉकसारखं झालं, जोरदार पण लाकडी. तिसऱ्यांदा ड्रमरला झुलू दिलं आणि मी एकटा सरळ राहिलो, तेव्हा कुठे ते बसलं.

हे तपासायची माझी पद्धत सांगतो. मेट्रोनोम १०० वर लावा आणि आधी तोंडाने म्हणा, चार मात्रा "धाऽना", चार मात्रा "तक तक", न थांबता आलटून पालटून. तोंडाला जमल्याशिवाय हाताला जमत नाही. मग तीच सा-प, सा-ध आकृती ए मध्ये, एक आवर्तन झुलवून, एक सरळ. सरळ वाजवताना उजव्या हाताचे दोन्ही आघात खालच्याच दिशेने मारा. खाली-वर मारलंत तर वरचा आघात हलका आणि उशिरा पडतो आणि झोल मागच्या दाराने परत येतो. नव्वद टक्के विद्यार्थ्यांचं इथेच चुकतं असा माझा शिकवण्याचा अनुभव आहे. फोनवर स्वतःला रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगाने ऐका. वेग कमी केला की आघात सारखे पडताहेत की लांब-आखूड, हे लगेच उघडं पडतं. हात १४० पर्यंत गेला, की आकृती बी फ्लॅटमध्ये न्या आणि मगच मूळ रेकॉर्डबरोबर वाजवा. त्या वेळी कान डिक्सनच्या बासवर ठेवा, झांजेवर नको. झांज तुम्हाला ओढून परत ब्लूजमध्ये नेईल. बास मात्रेला एकच सूर देतो, त्यामुळे मात्रेचे दोन भाग करायचे की तीन, हे तुमच्या हातात राहतं.